मुलाखतीची गाइड तपासताना: शब्द आधी कोणाच्या तोंडून आला?

गुणात्मक संशोधनासाठी मुलाखतीची गाइड लिहून झाली की नवख्या माणसाचा हात आपोआप भाषा सुधारण्याकडे वळतो. हा शब्द जड वाटतो, तो प्रश्न लांबला, इथे ‘कृपया’ घालू या. मीही सुरुवातीला असंच करत असे, आणि सुबक भाषेतली गाइड घेऊन मुलाखतीला गेल्यावर समोरून ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठीक आहे’ एवढंच घेऊन परत येत असे. प्रश्नाकडे नुसतं बघून त्याचा दोष दिसत नाही. त्याला काय उत्तर येईल ते लिहून बघितलं की दिसतो. म्हणून पुढे जे सांगते आहे त्यात गाइडच्या प्रत्येक ओळीला एकच गोष्ट विचारायची आहे: इथे येणारं उत्तर समोरच्याचं असेल, की आपणच त्याच्या हातात ठेवलेलं असेल?

सूचक शब्द, प्रश्नांचा चुकलेला क्रम आणि प्रोबचा अभाव हे तीन वेगळे दोष म्हणून शिकवले जातात. प्रोब म्हणजे उत्तर आल्यावर त्यातलंच काही धरून विचारलेला पुढचा प्रश्न. पण हे तिन्ही दोष बहुतेक वेळा एकाच गोष्टीची तीन ठिकाणं असतात, हे एक गाइड उलगडून बघितली की लक्षात येतं.

समजा अभ्यास असा आहे: उच्च रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यावर लोक त्या रोजच्या आयुष्यात कशा घेतात, आणि त्यात खंड पडतो तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं. मुलाखत पाऊण तासाची. मुलाखतीसाठी निवडलेल्या प्रत्येकाने आधीच फोनवर सांगितलं आहे की गेल्या वर्षभरात निदान दोन आठवडे त्यांनी गोळी घेतली नव्हती. गाइडचा पहिला खर्डा हा:

1. तुमचं वय, शिक्षण, व्यवसाय आणि मासिक उत्पन्न काय आहे?
2. तुम्हाला ब्लड प्रेशरचा त्रास किती वर्षांपासून आहे?
3. गोळ्या रोज घेणं महत्त्वाचं आहे असं तुम्हाला वाटतं ना?
4. डॉक्टरांनी सांगूनही तुम्ही गोळ्या मध्येच का बंद केल्या?
5. दुष्परिणाम आणि खर्च यांमुळे तुम्हाला किती त्रास झाला?
6. गोळ्या बंद केल्यावर पक्षाघाताची भीती वाटली नाही का?
7. निदान झालं तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?
8. तुम्ही गोळ्या कशा घेता ते सांगा. (प्रोब: वेळ, विसरणं, आठवण कोण करून देतं)
9. घरच्यांचा पाठिंबा आहे का?
10. लोकांनी गोळ्या सोडू नयेत म्हणून काय करायला हवं?

वरवर बघता वाईट नाही. विषय सगळे आलेत, भाषा सोपी आहे. अशा गाइडवर मुलाखती होतात, आणि त्यांतून ‘विस्मरण, खर्च, दुष्परिणाम’ असे निष्कर्षही निघतात. फक्त ते निष्कर्ष मुलाखतींच्या आधीच गाइडमध्ये लिहिलेले असतात.

पहिलं काम: उत्तरं लिहा

गाइडच्या उजव्या बाजूला रुंद समास सोडून ती छापून घ्या. प्रत्येक प्रश्नासमोर तीन उत्तरं लिहा, समोरच्या माणसाच्या तोंडच्या भाषेत. एक अगदी तुटक उत्तर, कमी बोलणारा माणूस देईल तसं. दुसरं ‘शहाणं’ उत्तर, म्हणजे आपली प्रतिमा चांगली राहावी म्हणून माणूस देईल ते. तिसरं आपल्या अपेक्षेच्या पार उलट. या तिसऱ्या उत्तरातच खरी परीक्षा असते. उलट उत्तर लिहिताना तुम्हालाच अवघडल्यासारखं झालं, ‘नाही हो, तसं नाही’ अशी सुरुवात करून आधी प्रश्न खोडावा लागला, तर प्रश्न सूचक आहे असं समजा.

तिसरा प्रश्न घ्या. तुटक उत्तर: ‘हो.’ शहाणं उत्तर: ‘हो तर, रोज घ्यायलाच हव्यात.’ उलट उत्तर: ‘नाही, मला नाही वाटत तसं.’ समोर वही उघडून बसलेल्या अनोळखी माणसाला हे तिसरं वाक्य किती जण म्हणतील? पहिली दोन उत्तरं तर जवळजवळ एकच आहेत. तीन उत्तरं लिहायला घेतली आणि एकच सुचलं, की त्या प्रश्नाने नवं काही मिळणार नाही.

हे काम कंटाळवाणं आहे. दहा प्रश्नांना तासभर सहज जातो. पण पुढच्या सगळ्या तपासणीला हीच उत्तरं लागणार आहेत, तेव्हा ती टाळून पुढे जाऊ नका.

शब्दांत लपलेली सूचना

मराठीत सूचना बहुतेक वेळा लहानशा अव्ययात बसलेली असते आणि म्हणून नजरेतून सुटते. तिसऱ्या प्रश्नातला ‘ना’ काढून बघा. अर्धा दबाव तिथेच कमी होतो. चौथ्यातलं ‘सांगूनही’ बघा. ‘सांगून’ला ‘ही’ लागला आणि प्रश्नाचा आरोप झाला. सहाव्यातलं ‘वाटली नाही का’ म्हणजे ‘वाटायला हवी होती’. म्हणून पेन्सिल घेऊन आधी फक्त हे तुकडे गोल करत जा: ना, ही, च, तरी, तर, सुद्धा, फक्त, मध्येच, नाही का. प्रत्येक वेळी ते चुकीचेच असतील असं नाही, पण प्रत्येक ठिकाणी थांबून बघायला हवं.

दुसरी जागा क्रियापदाची. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती होता ते विचारलं. प्रश्नात ‘आदळून चुराडा’ अशा अर्थाचं क्रियापद असलं की लोकांनी सांगितलेला सरासरी वेग ‘एकमेकींना लागल्या’ अशा अर्थाच्या क्रियापदापेक्षा ताशी सुमारे 9 मैलांनी जास्त निघाला. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचं असं होतं, तर वर्षभरापूर्वीच्या गोळ्यांबद्दलच्या आठवणीचं काय होत असेल!

आपल्या गाइडमधलं क्रियापद ‘बंद केल्या’. म्हणजे ठरवून केलं, दोष तुमचा. नवखे संशोधक हे ओळखतात आणि सौम्य करायला ‘गोळ्या राहून गेल्या’ असं लिहितात. ऐकायला गोड, पण ही सूचना उलट्या दिशेची आहे: ‘राहून गेल्या’ म्हणजे विसरलात. विचारपूर्वक गोळ्या थांबवलेल्या माणसाला आता विसरण्याची सबब आयती मिळाली. ‘खंड पडला’ त्यातल्या त्यात बरं. सगळ्यात मोकळं म्हणजे ‘गोळी घेतली नव्हती, ते दिवस’. त्यात कारण नाही, हेतू नाही, फक्त घटना आहे. आणि खंड पडल्याचं फोनवर त्यांनीच सांगितलं असल्यामुळे तो गृहीत धरण्यात इथे काही चूक नाही. गृहीतक नेहमीच वाईट नसतं. ते कुठून आलं, त्यांच्या बोलण्यातून की आपल्या डोक्यातून, एवढं बघायचं.

याच कसोटीला दुसरा प्रश्न लावा. ‘ब्लड प्रेशरचा त्रास’ हा बोलण्यातला रुळलेला शब्दप्रयोग आहे, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. पण रक्तदाब वाढलेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नसतं, आणि ‘मला काही होत नव्हतं, मग गोळी कशाला’ हे खंड पडण्यामागचं एक मोठं कारण असू शकतं. ‘त्रास’ म्हटल्याबरोबर आपण ते दार लोटून घेतलं. समोरचा माणूस त्रास आठवायला लागेल आणि एखादी जुनी डोकेदुखी शोधून काढेल.

पाचव्या प्रश्नात दोन चुका एकदम आहेत. दोन विषय एका वाक्यात बांधले, त्यामुळे ‘बराच झाला’ हे उत्तर कशाला लागू हे कळणार नाही. आणि दोन्ही कारणं आपणच पुरवली. ‘किती’ने त्रास झालाच असल्याचंही ठरवून टाकलं. असा प्रश्न दुरुस्त होत नाही, तो काढायचा असतो. त्यातले विषय प्रोबकडे जातील. त्याचं पुढे बघू.

चौथ्यातल्या ‘का’बद्दल थोडं. ‘का केलंत?’ असं विचारलं की माणूस कारण देतो, आणि कारण देणं म्हणजे बहुधा समर्थन करणं. ‘का’ ऐवजी ‘काय झालं’, ‘कसं ठरलं’, ‘त्याआधी काय चाललं होतं’ असं विचारलं की गोष्ट येते, आणि कारण त्या गोष्टीत सापडतं. मराठीत ‘का’ला आणखी एक खोड आहे. ‘गोळ्या का घेत नव्हता?’ आणि ‘गोळ्या घेत नव्हता का?’ यांत फक्त जागेचा फरक. पहिल्याला स्पष्टीकरण हवं, दुसऱ्याला हो-नाही. घाईत बोलताना मुलाखतकार एकाचा दुसरा करून टाकतात. गाइडमध्ये ‘का’ जितके कमी, तितका हा घोटाळा कमी.

सातवा प्रश्न सूचक नाही, तरी फसतो. ‘कसं वाटलं?’ला मराठीत उत्तर येतं ‘वाईट वाटलं’ किंवा ‘काही नाही वाटलं’. गाइड इंग्रजीत तयार करून भाषांतर केलेली असेल तर अशी जागा हमखास सापडते. तपासणी नेहमी ज्या भाषेत मुलाखत होणार त्याच भाषेतल्या गाइडची करायची, आणि तीही मोठ्याने वाचून. ‘त्या दिवशी घरी आल्यावर काय केलंत?’ असं विचारलं तर भावना कृतीतून येते.

क्रमात लपलेली सूचना

शब्द नीट केले तरी क्रम सूचक असू शकतो. समजा तिसरा प्रश्न आपण साफ केला: ‘रोज गोळी घेण्याबद्दल तुमचं काय मत आहे?’ शब्द आता निर्मळ आहेत. पण माणूस म्हणणार, ‘महत्त्वाचं आहे.’ एकदा असं म्हणून झालं की लगेच पुढच्या प्रश्नात, स्वतः ते केलं नाही हे सांगायचं आहे. आता तो आपल्याच वाक्याशी बांधला गेला. एक तर तो खंड लहान करून सांगेल, नाही तर त्याला सबळ कारण जोडेल. दोन निरुपद्रवी प्रश्न शेजारी ठेवल्यामुळे सापळा झाला.

हे ओळखायची सोपी रीत म्हणजे आपण लिहिलेली शहाणी उत्तरं एका माणसाचं बोलणं समजून वरून खाली सलग वाचायची. प्रत्येक ठिकाणी विचारायचं, आत्ता जे म्हटलं त्याने पुढच्या प्रश्नाला खरं बोलणं अवघड झालं का? झालं असेल तर पहिला प्रश्न खाली न्यायचा. घडलेलं आधी, मत नंतर. स्वतःचं आधी, ‘लोकांचं’ नंतर. यात अपवाद फार थोडे.

पहिल्या प्रश्नाचा दोष वेगळ्या जातीचा आहे. वय, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न: चार प्रश्न, चार एकेका शब्दाची उत्तरं. पहिल्या दोन मिनिटांत समोरच्याला कळतं की इथे थोडक्यात सांगायचं असतं, आणि ते वळण मग मोडत नाही. वर उत्पन्न विचारून संशयही पेरला. ही माहिती शेवटी, एका छोट्या फॉर्मवर घ्या. निवड करताना फोनवर घेतली असेल तर पुन्हा विचारूच नका.

मग सुरुवात कशाने करायची? ज्याचं उत्तर त्यांना नक्की माहीत आहे, ज्यात बरोबर-चूक नाही, आणि जे सांगायला दोन-तीन मिनिटं तरी लागतील अशा गोष्टीने. आपल्या गाइडमध्ये ती सातव्या क्रमांकावर पडून आहे: निदान झालं तो दिवस. कालक्रमाने सांगायला लागलं की माणूस आपोआप गोळ्यांपर्यंत आणि पुष्कळदा खंडापर्यंतही स्वतःच येतो. तो स्वतः आला तर त्याने ते कोणत्या शब्दांत मांडलं, हीच माहिती सोन्यासारखी.

अवघड विषय कुठे ठेवायचा, यावर नवखे लोक एक चूक करतात. ‘संवेदनशील प्रश्न शेवटी’ हे ऐकलेलं असतं, म्हणून खंडाचा प्रश्न अगदी शेवटच्या पाच मिनिटांत जातो. मग माणूस मोकळा व्हायला लागतो आणि वेळ संपते. पाऊण तासात तो पंधराव्या मिनिटाच्या आसपास यावा आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं मिळावीत, असं मी बघते. त्यानंतर हलके होण्यासाठी दहा मिनिटं उरतात. दहावा, सल्ल्याचा प्रश्न तिथे शोभतो. तिथे माणूस जाब देणारा न राहता जाणकार होतो, आणि मुलाखत त्या नोटवर संपते.

वेळेचा हिशोब कागदावर करा. मुख्य प्रश्नाला प्रोब धरून सहा मिनिटं म्हटली तर दहा प्रश्नांना तास होतो, त्यात सुरुवातीची ओळख आणि संमतीची पाच-सात मिनिटं वेगळी. पाऊण तासात सहा-सात मुख्य प्रश्नच मावतात. जास्त प्रश्न असले की मुलाखतकार घाई करतो आणि पहिला बळी प्रोबचा जातो. प्रोब नसल्याची तक्रार पुष्कळदा जास्त प्रश्न असल्याची तक्रार असते.

प्रोब: नसलेले आणि नको असलेले

खर्ड्यात प्रोब फक्त आठव्या प्रश्नाखाली आहेत, आणि तेही नावांच्या यादीसारखे. अशी यादी मुलाखतकाराच्या तोंडी गेली की तिचं काय होतं बघा:

‘सकाळी घेतो गोळी. कधी कधी नाही घेतली जात.’
‘म्हणजे विसरता?’
‘हो... विसरतो.’

ती तीन टिंबं लक्षात ठेवा. ‘नाही घेतली जात’ या तीन शब्दांमागे काय होतं ते आता कधीच कळणार नाही, आणि विश्लेषणात ‘विस्मरण’ या कोडखाली हे उत्तर जाऊन बसेल. चांगला प्रोब समोरच्याचाच शब्द उचलून परत देतो: ‘नाही घेतली जात, म्हणालात. असा अलीकडचा एखादा दिवस सांगाल?’

कोणत्या प्रश्नाखाली प्रोब हवेत, हे तुम्ही लिहिलेल्या उत्तरांवरून ठरतं. तुटक उत्तराला गोष्टीकडे नेणारा प्रोब हवा: ‘अगदी शेवटचं असं कधी झालं? त्या दिवशी सकाळपासून सांगा.’ शहाण्या उत्तराला, म्हणजे ‘मी नियमित घेतो’ला, वाद न घालता ठोस दिवसाकडे नेणारा हवा: ‘कालचा दिवस घेऊ. काल गोळीचं कसं झालं?’ ‘काल घेतली का?’ असं मात्र नको, ती हजेरी झाली. उलट उत्तराला, ‘मला त्या गोळ्या पटतच नाहीत’ला, पुढे बोलायला मुभा देणारा हवा: ‘पटत नाहीत हे कधीपासून वाटायला लागलं?’

याशिवाय आपल्या विषयातले पिशवीशब्द आधीच हेरून ठेवा. पिशवीशब्द म्हणजे ज्यात माणूस बरंच काही कोंबतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की कळलं. इथले पिशवीशब्द: त्रास, कंटाळा, विसरलो, बरं वाटत होतं, गरम पडतात, सवय लागते. कोणी ‘त्रास व्हायचा’ म्हटलं तर त्यात पायावरची सूज असेल, जी अम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी येऊ शकते. दिवसभराचा कोरडा खोकला असेल, जो रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांनी येऊ शकतो. किंवा दर महिन्याला दुकानात रांग लावण्याचा वैताग असेल. हे तुम्हाला माहीत असावं, पण तोंडातून निघू नये. प्रोब एवढाच: ‘त्रास म्हणजे काय काय व्हायचं?’ ‘काय काय’ या जोडीत एकाहून जास्त गोष्टी सांगायची मुभा आहे.

प्रत्येक मुख्य प्रश्नाखाली तीन-चार प्रोब पुरे. बारा लिहिले तर मुलाखतकार ऐकण्याऐवजी यादी वाचतो. आणि प्रोब पूर्ण वाक्यात लिहा. ‘खर्च?’ असा एक शब्द लिहिला तर आयत्या वेळी त्याचं ‘खर्च परवडत नव्हता का?’ होणारच. नवख्याच्या गाइडमध्ये ‘इथे दहा सेकंद गप्प राहा’ हाही प्रोब म्हणून लिहावा असं मी म्हणते. हसू येतं, पण लिहिलेलं असलं की पाळलं जातं.

आता पाचव्या प्रश्नातले दुष्परिणाम आणि खर्च. अभ्यासाला ते विषय हवेत, मग विचारायचे की नाहीत? गाइडच्या शेवटी एक चौकट काढा: ‘आपणहून आलं नाही तरच’. मुलाखतीच्या शेवटच्या भागात, त्यांची गोष्ट संपल्यावर, तिथले विषय उघड्या शब्दांत विचारा: ‘गोळ्या आणायच्या, त्यांचे पैसे, हे सगळं घरात कसं चालतं?’ आणि समासात खूण करा की हा विषय आपण काढला. विश्लेषणात स्वतःहून आलेला खर्च आणि विचारल्यावर आलेला खर्च एका तागडीत टाकायचा नाही.

शेवटचा प्रोब कसा विचारता त्यानेही फरक पडतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांना रुग्णांना दोन प्रकारे विचारायला लावलं: ‘एनीथिंग एल्स’ म्हणून किंवा ‘समथिंग एल्स’ म्हणून. एकाहून अधिक तक्रारी आधीच लिहून दिलेल्या रुग्णांपैकी पहिल्या प्रकाराला सुमारे 53 टक्क्यांनी होकार दिला, दुसऱ्याला सुमारे 90 टक्क्यांनी. मराठीत ही जोडी जशीच्या तशी येत नाही, दोन्हीला आपण ‘आणखी काही’ म्हणतो. पण ‘आणखी काही नाही ना?’ आणि ‘आणखी काय सांगायचं राहिलं?’ यांतलं अंतर त्याहून लहान नाही, असं माझ्या कानाला वाटतं.

एक सूचक प्रश्न मात्र ठेवण्यासारखा असतो. सगळं ऐकून झाल्यावर आपल्याला समजलेलं त्यांच्यापुढे मांडायचं: ‘मला असं कळलं की बरं वाटायला लागल्यावर गोळीची गरज उरली नाही असं तुम्ही ठरवलंत. यात माझं कुठे चुकतंय?’ इथे सुचवणं उघड आहे, आणि खोडून काढायचं आमंत्रणही त्याच वाक्यात आहे. ‘बरोबर ना?’ असा शेवट केलात तर मात्र पुन्हा पहिल्याच जागी.

सुधारलेली गाइड

दहाचे सहा झाले. प्रोब इथे नमुन्यादाखल फक्त चौथ्याखाली दाखवले आहेत:

1. तुमचं ब्लड प्रेशर वाढलं आहे हे पहिल्यांदा कळलं, तो दिवस आठवून सांगाल? तिथपासून पुढे काय काय झालं?
2. गोळ्या सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे कसे गेले?
3. कालचा दिवस सकाळपासून सांगा. त्यात गोळीचं कसं झालं?
4. फोनवर तुम्ही म्हणाला होतात की काही दिवस गोळी घेतली नव्हती. ते दिवस सुरू झाले तेव्हा काय चाललं होतं? (प्रोब: त्याआधीच्या दिवसांत काय घडलं? हे कोणाला कळलं, कसं? त्या दिवसांत तब्येतीचं काय जाणवत होतं, काय नव्हतं? पुन्हा सुरू झाल्या असतील तर ते कसं झालं?)
5. त्यानंतर डॉक्टरांना भेटलात तेव्हा काय बोलणं झालं, काय राहिलं?
6. आज पहिल्यांदा ही गोळी सुरू होणाऱ्या कोणाला तुम्ही काय सांगाल?

नववा प्रश्न, पाठिंब्याचा, गेला. चौथ्यातल्या ‘कोणाला कळलं’ मध्ये घरचे असतील तर येतीलच, आणि पाठिंबा होता की कटकट, हे तेच ठरवतील. भीतीचा सहावा प्रश्नही गेला. तो संशोधनाचा प्रश्न नव्हता, विचारणाऱ्याची काळजी होती. ही काळजी खरी असते, म्हणून तिची सोय गाइडबाहेर करा: आजही गोळी बंद असल्याचं कोणी सांगितलं तर मध्येच सल्ला द्यायचा नाही, पण मुलाखत संपल्यावर डॉक्टरांशी बोलण्याबद्दल काय सांगायचं ते आधी लिहून ठेवायचं.

चाचणी, आणि त्यात काय बघायचं

आधी एखाद्या सहकाऱ्याला सहभागी व्हायला सांगा आणि मुद्दाम कमी बोलायला लावा. मग खऱ्या गटासारख्या दोन व्यक्तींच्या चाचणी मुलाखती घ्या आणि शब्दन् शब्द उतरवून काढा. उतरवलेल्या कागदावर ‘विसरणं’, ‘खर्च’, ‘त्रास’, ‘भीती’ असे कळीचे शब्द पहिल्यांदा जिथे येतील तिथे गोल करा, आणि तो शब्द कोणाच्या तोंडून आला ते बघा. आपल्याकडून आला असेल तर त्याच्या वरची दोन वाक्यं वाचा. गाइडमधला प्रश्न दोषी आहे की मुलाखतकाराने आयत्या वेळी भर घातली, हे तिथे कळतं. दोन्हींचा उपाय वेगळा: पहिल्यासाठी गाइड बदला, दुसऱ्यासाठी सराव करा.

आणखी खुणाही असतात. सहभागी ‘म्हणजे?’ असं उलट विचारतात, तिथे प्रश्न कळलेला नाही. ‘मघाशी सांगितलं तसं’ म्हणतात, तिथे दोन प्रश्न एकच आहेत किंवा क्रम चुकला आहे. उत्तर सलग ‘हो’ने सुरू होत असेल आणि पुढे आपलेच शब्द येत असतील, तर शब्द तपासा. प्रश्न उत्तरापेक्षा लांब आहे, हे तर पान लांबून बघितलं तरी दिसतं.

कागदावरच्या तपासणीने सगळं सुटत नाही, हेही या ट्रान्सक्रिप्टमधून कळतं. मान डोलावणं, ‘अरे वा, छान’ म्हणणं, मुलाखत दवाखान्यातच घेणं, यांतूनही सूचना जाते. गाइडमध्ये ती दिसणार नाही. रेकॉर्डिंग ऐकताना थोडीफार सापडते.

बदल केले की गाइडवर आवृत्ती क्रमांक आणि तारीख घाला, आणि कोणता प्रश्न कशामुळे बदलला ते एका ओळीत लिहा. गाइडला नैतिक समितीची मान्यता आधीच मिळाली असेल तर बदललेले प्रश्न वापरण्यापूर्वी तिच्याकडे दुरुस्ती म्हणून पाठवावे लागतात का, ते विचारून घ्या. मुलाखती चालू असतानाही गाइड बदलता येते, गुणात्मक कामात ते मान्य आहे. पण तेव्हा कोणती मुलाखत कोणत्या आवृत्तीवर झाली याची नोंद हवी, नाही तर तिसऱ्या मुलाखतीत न आलेला विषय नवव्या मुलाखतीत का आला, हे सहा महिन्यांनी तुम्हालाच सांगता येणार नाही.